यतः, यत्र, यदा: श्लोकात आले की विग्रह कसा लिहायचा

श्लोकाचा पदच्छेद करून अन्वय लावायला बसलं की नामं आणि क्रियापदं कशीतरी सुटतात, पण यतः, तत्र, कदा, सर्वतः असले शब्द आले की बहुतेक जण त्यापुढे नुसतं 'अव्यय' लिहून मोकळे होतात. मीपण कित्येक वर्षं तेच करत होतो. चूक नाहीये ते, अव्ययच आहेत हे सगळे, पण 'अव्यय' हा शब्दाचा प्रकार झाला, अर्थ नाही, आणि श्लोकात नेमका तिथेच अर्थ अडकलेला असतो. जुने टीकाकार बघा, ते यतः च्या पुढे 'यस्मात्' लिहितात, तत्र च्या पुढे 'तस्मिन्' लिहितात, आणि लगेच एखादं नाम जोडतात, 'तस्मिन् काले', 'तस्मिन् कुले' वगैरे. म्हणजे ते तीन कामं करतात: प्रत्यय काढतात, त्या जागी विभक्ती परत ठेवतात, आणि लपलेलं नाम शोधून आणतात. पहिली दोन कामं पाठांतराने जमतात, तिसऱ्यासाठी डोकं लावावं लागतं.

आधी प्रत्यय आणि विभक्तीची जोडी डोक्यात बसवा

मुख्य प्रत्यय तीनच धरू. पाणिनीच्या पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ते एकामागोमाग येतात.

'पञ्चम्यास्तसिल्' (५.३.७), म्हणजे पंचमीच्या अर्थाने तसिल्, त्यातला उरतो तो 'तस्', आणि दिसतो तो तः. यतः, ततः, कुतः, सर्वतः. मराठीत 'हून/ऊन', जिथून, तिथून, कुठून.

'सप्तम्यास्त्रल्' (५.३.१०), सप्तमीच्या अर्थाने त्र. यत्र, तत्र, कुत्र, सर्वत्र, अन्यत्र. मराठीत जिथे, तिथे, कुठे.

'सर्वैकान्यकिंयत्तदः काले दा' (५.३.१५), इथेही सप्तमीच, पण फक्त काळ सांगायचा असेल तरच. यदा, तदा, कदा, सर्वदा, एकदा, अन्यदा. मराठीत जेव्हा, तेव्हा, केव्हा. सूत्र नीट वाचलं तर दिसेल की दा सगळ्या सर्वनामांना लागत नाही, सर्व, एक, अन्य, किम्, यद्, तद् एवढ्या सहांनाच लागतो. म्हणून 'ह्या वेळी' म्हणायला इदम् पासून इदा असं काही बनवता येत नाही, तिथे इदानीम्, अधुना, एतर्हि असे वेगळे शब्द आहेत. आणि सर्वदा चंच सदा होतं, कारण द ने सुरू होणारा प्रत्यय पुढे असला की सर्व चा विकल्पाने स होतो.

सर्वनामाचं पुढचं रूप थोडं बदलतं, तेवढं बघून ठेवा. किम् चं त च्या आधी कु होतं म्हणून कुतः, कुत्र, आणि इतर ठिकाणी क, म्हणून कदा. इदम् चं इ होतं म्हणून इतः, आणि 'इथे' साठी त्र न लागता ह लागतो, इह. अतः आणि अत्र मात्र एतद् चे, त्याचा अ उरतो. हे पाठ करत बसायची गरज नाही, दहावीस श्लोक केले की आपोआप बसतं.

पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर खूप गोष्टी सुटल्या, ती सांगतो. हा सगळा भाग 'प्राग्दिशो विभक्तिः' (५.३.१) ह्या सूत्राखाली येतो, म्हणजे पाणिनी ह्या प्रत्ययांना चक्क विभक्ती हीच संज्ञा देतो. तद्धित प्रत्यय आहेत, पण नाव विभक्ती. त्याचा परिणाम असा की यद् ला विभक्ती लागताना जसं शेवटचा द् जाऊन य उरतो (यः, यस्मिन्, यस्मात्) तसंच ह्या प्रत्ययांआधीही होतं, म्हणून यद् + तस् चं यत्तः न होता यतः होतं. म्हणजे यतः लिहिताना यस्मात् आठवणं ही नुसती भाषांतराची युक्ती नाही, शब्द घडतोच तसा.

दुसरी पायरी: शब्द संधीतून सोडवणं

श्लोकात यतः हा शब्द यतः म्हणून क्वचितच भेटतो. पुढचं अक्षर बघून तो यतो, यतस्, यतश् किंवा नुसता यत होतो. यतो निश्चरति, ततस्ततः, कुतश्चित्, अत एव. शेवटचं आपल्याला घरचं आहे, मराठीत आपण 'अतएव' जोडून लिहितो, पण त्यात अतः + एव आहे आणि पुढे अ सोडून दुसरा स्वर आल्यामुळे विसर्ग गळालाय हे लक्षात राहत नाही. पुढे अ आला तर यतोऽपि होतं. त्र आणि दा सोपे, ते पुढच्या स्वरात मिसळतात, तत्रापि, तत्रैव, तदैव.

खरा घोळ होतो तो दोन पदच्छेद शक्य असतात तेव्हा. सगळ्यांना पाठ असलेला गीतेचा चौथ्या अध्यायातला सातवा श्लोक घ्या, 'यदा यदा हि धर्मस्य ग्लानिर्भवति भारत। अभ्युत्थानमधर्मस्य तदात्मानं सृजाम्यहम्॥' ह्यातलं 'तदात्मानं' कसं सोडवाल? तदा + आत्मानम् केलं तरी तदात्मानम्, तत् + आत्मानम् केलं तरी तदात्मानम्. अक्षराने अक्षर तेच. मी एका परीक्षेत तत् + आत्मानम् लिहून आलो होतो, आणि तत् चा अर्थ 'म्हणून' असा ठोकून दिला होता, वाक्य लागत पण होतं! मार्क गेले आणि योग्यच गेले, कारण वर यदा यदा आहे, त्याचा जोडीदार खाली हवाच. यद् असेल तिथे तद् असणार, हे नातं कायम धरायचं, श्लोकात दिसत नसेल तर अध्याहृत धरायचं. यदा ला उत्तर तदा चंच मिळतं, नुसत्या तत् ने काळ सांगितला जात नाही.

म्हणून माझा नियम असा झालाय की य ने सुरू होणारा असा शब्द दिसला की पुढे जायच्या आधी त ने सुरू होणारा जोडीदार शोधायचा, पेन्सिलने दोघांना रेघ मारून जोडायचं, आणि मग पदच्छेद.

दिसायला सारखे पण वेगळे शब्दही असतात. 'येन सर्वमिदं ततम्' मधलं ततम् म्हणजे पसरलेलं, व्यापलेलं, तन् धातूचं, त्याचं पुल्लिंगी रूप ततः असंच दिसेल. यतः पण यम् धातूचं, म्हणजे आवरलेला, असं असू शकतं. ओळखायची खूण अशी की पसरलेला किंवा आवरलेला असं विशेषण असेल तर त्याचं विशेष्य त्याच विभक्तीत आसपास असतं आणि लिंगवचन जुळतं, अव्यय मात्र कशाशीच जुळत नाही.

तिसरी पायरी: विभक्ती परत ठेवणं आणि नाम शोधणं

इथे एक श्लोक पूर्णच सोडवून दाखवतो. मनुस्मृती, तिसरा अध्याय, ५७ वा. ह्याच्या आधीचा ५६ वा सगळ्यांना माहीत असतो, 'यत्र नार्यस्तु पूज्यन्ते रमन्ते तत्र देवताः', आणि त्याचं भाषांतर सर्रास 'जिथे स्त्रियांची पूजा होते तिथे देवता रमतात' असं होतं. जिथे म्हणजे कुठे? देशात? घरात? मंदिरात? नुसत्या ५६ वरून सांगता येत नाही. आता ५७ बघा:

शोचन्ति जामयो यत्र विनश्यत्याशु तत्कुलम्।
न शोचन्ति तु यत्रैता वर्धते तद्धि सर्वदा॥

आधी पदच्छेद. शोचन्ति, जामयः, यत्र, विनश्यति, आशु, तत्, कुलम्। न, शोचन्ति, तु, यत्र, एताः, वर्धते, तत्, हि, सर्वदा। दुसऱ्या ओळीत 'यत्रैता वर्धते' इथे घसरायला जागा आहे, एता च्या पुढचा विसर्ग व मुळे गेलाय, तो परत आणला नाही तर एता हा वर्धते चा कर्ता वाटतो आणि 'ही वाढते' असं काहीतरी विचित्र होतं. एताः बहुवचन, म्हणजे त्याच जामयः, घरातल्या स्त्रिया, आणि त्यांचं क्रियापद शोचन्ति. वर्धते एकवचन, त्याचा कर्ता तत्.

आता अव्ययं दोन प्रकारची, यत्र दोनदा आणि सर्वदा एकदा.

यत्र: त्र काढला, य म्हणजे यद्, सप्तमी, यस्मिन्. नाम कुठलं? जोडीदार शोधा. आणि इथे गंमत आहे, जोडीदार तत्र नाहीये, तत् कुलम् आहे! म्हणजे पहिल्या वाक्यात अव्यय आणि दुसऱ्यात सरळ प्रथमेतलं नाम. श्लोकानेच उत्तर दिलंय, यत्र = यस्मिन् कुले. 'ज्या कुळात घरच्या स्त्रिया दुःख करतात ते कुळ लवकर नष्ट होतं.' दुसऱ्या ओळीतही तेच, यत्र = यस्मिन् कुले, तत् = कुलम्. आता मागे जाऊन ५६ व्या श्लोकातल्या यत्र आणि तत्र ला पण 'कुले' जोडायला भक्कम आधार मिळाला, आणि 'जिथे' ह्या गुळगुळीत शब्दाच्या जागी 'ज्या कुळात' असा धडधडीत शब्द आला. आपल्या मनातलं घुसडायचं नाही, शेजारच्या ओळीत शोधायचं.

सर्वदा: दा काढला, सर्व, सप्तमी, आणि दा असल्यामुळे नाम ठरलेलंच, काल. सर्वस्मिन् काले. इथे शोधाशोध नाही. त्र आणि दा मधला सगळ्यात कामाचा फरक हाच आहे, दा स्वतःचं नाम सोबत घेऊन येतो, त्र आणि तः येत नाहीत.

एक सावधगिरी. अव्ययात लिंग आणि वचन पुसलं गेलेलं असतं. यत्र म्हणजे यस्मिन् असेल, यस्याम् असेल, येषु पण असेल. त्यामुळे आधी नाम ठरवा आणि मग त्याच्या लिंगवचनाप्रमाणे यद् चं रूप लिहा. बरेच जण सवयीने यस्मिन् लिहून टाकतात आणि पुढे 'सभायाम्' जोडतात, 'यस्मिन् सभायाम्', हे चुकलं, यस्यां सभायाम् हवं.

तः चं प्रकरण जरा जास्त वेळ घेतं

गीता, सहावा अध्याय, २६ वा श्लोक:

यतो यतो निश्चरति मनश्चञ्चलमस्थिरम्।
ततस्ततो नियम्यैतदात्मन्येव वशं नयेत्॥

पदच्छेद सरळ आहे: यतः यतः निश्चरति मनः चञ्चलम् अस्थिरम्। ततः ततः नियम्य एतत् आत्मनि एव वशं नयेत्। ('एतदात्मनि' मध्ये एतत् + आत्मनि, आणि एतत् म्हणजे मन.)

ह्याचं रूढ भाषांतर काय होतं? 'चंचल मन जिथे जिथे जातं, तिथून तिथून त्याला आवरून...' कानाला एकदम बरोबर वाटतं, आणि मुलाने पळ काढला की आपण म्हणतोच, जिथे जाईल तिथून धरून आण. पण प्रत्यय बघा, दोन्हीकडे तः आहे. भाषांतरात पहिला 'जिथे' सप्तमीसारखा झाला आणि दुसरा 'तिथून' पंचमी. एकाच प्रत्ययाचे दोन अर्थ लावले गेले आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही.

प्रत्ययाशी प्रामाणिक राहायचं तर यतः यतः = यस्मात् यस्मात्, ततः ततः = तस्मात् तस्मात्. 'ज्या ज्या पासून मन बाहेर पडतं'. पण मन कशापासून बाहेर पडतं? इथे शंकराचार्य 'निमित्तात्' हे नाम घालतात आणि निमित्त म्हणजे शब्द वगैरे विषय असं सांगतात. म्हणजे पंचमी इथे जागेची नाही, कारणाची आहे. ज्या ज्या निमित्तामुळे मन बाहेर पडतं, त्या त्या निमित्तापासून त्याला मागे आवरायचं. आता दोन्हीकडे पंचमी, दोन्हीकडे एकच नाम, आणि अर्थ नुसता लागत नाही तर जास्त टोकदार होतो, कारण मन कुठे गेलं ह्यापेक्षा कशामुळे गेलं हे महत्त्वाचं झालं.

ह्याच्या उलट काही टीकाकार पहिल्या यतः चा अर्थ 'यं यं विषयं प्रति', म्हणजे ज्या ज्या विषयाकडे, असा घेतात, आणि आपलं 'जिथे जिथे' त्याच वाटेचं आहे. चूक म्हणणार नाही मी, तस् प्रत्यय इतर विभक्त्यांच्या अर्थानेही वापरलेला दिसतो हे परंपरेलाही मान्य आहे. पण तो दुसरा पर्याय. आधी पंचमी लावून बघायची, बसली तर तीच ठेवायची, नाही बसली तरच पुढे जायचं. विग्रहात तुम्ही 'यस्मात्' लिहिलं आणि भाषांतरात 'जिथे' लिहिलं तर मात्र ते जमणार नाही, दोन्हीकडे एकच मत हवं.

आणि दोनदा आलेला शब्द विग्रहातही दोनदा लिहा. यस्मात् यस्मात्, एकदा नाही. ही वीप्सा आहे, 'ज्या ज्या', प्रत्येकाला लागू असं सांगणारी, ती गाळली की श्लोक एकाच प्रसंगाबद्दल बोलतोय असं वाटायला लागतं.

पंचमी बसतच नाही असं उदाहरण बघायचं तर तेराव्या अध्यायातलं 'सर्वतः पाणिपादं तत्सर्वतोऽक्षिशिरोमुखम्'. सर्वस्मात् लावून बघा, 'सगळ्यापासून हातपाय असलेलं'? काही अर्थ नाही. इथे सरळ सर्वत्र, सर्वासु दिक्षु, सगळीकडे हात आणि पाय असलेलं ते. अशा वेळी विग्रहात 'सर्वासु दिक्षु' लिहायचं आणि शेजारी एक शब्द टाकायचा, 'सार्वविभक्तिक तसि', म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही चुकून सप्तमी लिहिली नाहीये.

कुतः च्या बाबतीत अजून एक वळण आहे. 'कुतस्त्वा कश्मलमिदं विषमे समुपस्थितम्', दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला विचारतो. कुठून आलं हे? हो, पण नुसती जागा विचारतोय असं नाही, कशामुळे, कस्मात् हेतोः. मराठीतही 'हे कुठून सुचलं तुला' म्हटलं की आपण पत्ता विचारत नसतो, तसंच. त्यामुळे तः ला जोडायचं नाम शोधताना देश, हेतु, निमित्त आणि व्यक्ती असे चारही पर्याय लावून बघा.

मत्तः, त्वत्तः ह्यांचं काय

'अहं सर्वस्य प्रभवो मत्तः सर्वं प्रवर्तते', गीता १०.८. इथे मत्तः बघून दारू प्यायलेला मत्त आठवला तर एकटे नाही तुम्ही. हे अस्मद् चं आहे, मत्, माझ्यापासून. पण गंमत अशी की तसिल् अस्मद् आणि युष्मद् ला लागतच नाही, ते सूत्रातच वगळलेले आहेत (५.३.२ मधलं 'अद्व्यादिभ्यः'). मग हा तः कुठला? हा दुसरा प्रत्यय, तसि, 'अपादाने चाहीयरुहोः' (५.४.४५) ह्या सूत्राने येणारा. हा प्राग्दिशीय भागाच्या बाहेर आहे म्हणून ह्याला विभक्ती ही संज्ञा नाही, आणि म्हणूनच द् गळत नाही, त् होऊन टिकतो आणि मत्तः असा जोड त दिसतो. यतः मध्ये एक त आणि मत्तः मध्ये दोन त, हा फरक लेखनाचा नाही, प्रत्ययाचा आहे. विग्रहाच्या कॉलममध्ये मात्र काम तेच, मत्तः = मत्.

मराठी मधे येते, ती बाजूला ठेवा

ही चूक आपलीच खास, कारण ह्यातले अर्धे शब्द आपण रोज वापरतो आणि अर्थ सरकलेले आहेत. मराठीत कदाचित म्हणजे 'बहुतेक, असेल असं'. संस्कृतात कदाचित् म्हणजे कस्मिंश्चित् काले, कधीतरी, आणि न असेल तर कधीच नाही. 'न जायते म्रियते वा कदाचित्' चं 'तो कदाचित जन्मत नाही' असं भाषांतर मी वहीत लिहिलेलं बघितलंय, आत्म्याबद्दल एवढी शंका! एकत्र म्हणजे मराठीत सोबत, संस्कृतात एकस्मिन् स्थाने, एका ठिकाणी. आणि स्वतः सगळ्यात फसवं, मराठीत ते चक्क सर्वनामासारखं चालतं, 'स्वतःला, स्वतःचं', आपण त्याला परत विभक्ती लावतो, पण संस्कृतात स्वतः मध्ये पंचमीचा अर्थ आधीच आहे, आपणहून, आपल्यापासून. क्वचित् मराठीत दुर्मिळ ह्या अर्थाने, संस्कृतात कुठेतरी किंवा कधीतरी. हे शब्द ओळखीचे वाटले म्हणूनच थांबा आणि विग्रह करा, अनोळखी शब्दाला आपण कोश तरी उघडतो.

सगळे एकत्र आलेला एक श्लोक

सरावासाठी मला सगळ्यात आवडतो तो भागवताच्या दहाव्या स्कंधातला ८५ व्या अध्यायातला चौथा श्लोक. वसुदेव स्तुती करतोय:

यत्र येन यतो यस्य यस्मै यद्यद्यथा यदा।
स्यादिदं भगवान्साक्षात्प्रधानपुरुषेश्वरः॥

पहिली ओळ म्हणजे यद् ची अख्खी परेड आहे. आधी जे विभक्तीत आहेत ते बाजूला काढा: येन तृतीया, यस्य षष्ठी, यस्मै चतुर्थी, यत् यत् प्रथमा. आता काय उरलं? पंचमी आणि सप्तमी. यस्मात् आणि यस्मिन् ओळीत कुठेच नाहीत, त्यांच्या जागी यतः आणि यत्र बसलेत. कवीने एकाच रांगेत चार विभक्त्या उघड्या ठेवल्या आणि दोन अव्ययातून दिल्या, आणि वाचताना कुठेही खडा लागत नाही, कारण अर्थाने ते एकाच पंक्तीतले आहेत.

आता विग्रह लिहायला घ्या, आणि इथेच 'नाम जोडा' हा हट्ट का ते दिसेल. यत्र = यस्मिन्. यदा = यस्मिन्. दोन्ही सप्तमी! नुसती विभक्ती लिहून थांबलात तर दोन वेगळ्या शब्दांसमोर एकच उत्तर येतं. यदा ला काळ ठरलेलाच आहे, यस्मिन् काले. मग काळ त्याने घेतल्यामुळे यत्र ला उरतं ते अधिकरण, आधार, यस्मिन् अधिकरणे, किंवा सोपं करून यस्मिन् देशे. तसंच येन आणि यथा. यथा मधला था प्रकार सांगणारा ('प्रकारवचने थाल्', ५.३.२३), म्हणून येन प्रकारेण. त्यामुळे सुट्या येन ला प्रकार लावायचा नाही, तो कर्ता किंवा साधन, ज्याने किंवा ज्याच्या साहाय्याने. यतः = यस्मात्, ज्यापासून हे निघालं ते, इथे पंचमी अगदी मुळातल्या अर्थाने, अपादान, वळवावी लागत नाही.

यद् एवढे आलेत तर जोडीदार तद् कुठे? दुसऱ्या ओळीत दिसत नाही. म्हणून अध्याहार: तत् सर्वम्. आणि स्यात् हे क्रियापद पहिल्या ओळीतल्या सगळ्यांना वाटून द्यायचं, कारण त्या ओळीत एकही क्रियापद नाही, आणि हे विसरलं की ओळ लोंबकळत राहते.

अन्वय असा लिहा: इदं (जगत्) यत्र, येन, यतः, यस्य, यस्मै, यथा, यदा, यत् यत् स्यात्, (तत् सर्वं) साक्षात् प्रधानपुरुषेश्वरः भगवान् (एव)।

वहीत प्रत्येक अव्ययासमोर मी एक ओळ अशी ठेवतो, आधी मूळ, मग प्रत्यय, मग विभक्ती नामासकट, मग मराठी:

यत्र: यद् + त्रल्, यस्मिन् (अधिकरणे), ज्याच्या ठायी
यतः: यद् + तसिल्, यस्मात् (अपादानात्), ज्याच्यापासून
यथा: यद् + थाल्, येन प्रकारेण, ज्या रीतीने
यदा: यद् + दा, यस्मिन् काले, ज्या वेळी

कंसाकडे बघा. 'अधिकरणे' आणि 'अपादानात्' कंसात आहेत कारण ते मी ठरवलंय, दुसरा कोणी वेगळं नाम घालू शकतो आणि त्यावर वाद होऊ शकतो. 'काले' आणि 'प्रकारेण' कंसाबाहेर आहेत, कारण ते प्रत्ययातच आहेत. तपासणाऱ्याने माझी वही उघडली की त्याला फक्त कंसातलंच तपासावं लागतं.